मॉनिटरमधून आवाज: यादीतलं कोणतं नाव निवडायचं?

"दादा, जुना डेस्कटॉप आणला अन् नवीन मॉनिटर एचडीएमआयनं लावला. चित्र एकदम क्लिअर पण आवाज अजिबात नाही. बॉक्सवर स्पीकर आहे म्हणून लिहिलंय, मागं हेडफोनचं भोक पण आहे, त्यात इअरफोन खुपसून पाहिला तरी काही नाही. आवाजाच्या चिन्हावर दाबलं की तीन नावं येतात, कोणतं निवडू समजत नाही. दुकानदार म्हणते वायर बदल. बदलू का?"

वायर बदलू नको भाऊ, निदान आज तरी नको. एचडीएमआयच्या केबलमधी आवाजासाठी वेगळी तार नसतेच. ज्या तारांवरून चित्र जाते त्याच तारांवरून आवाज जाते, चित्राच्या दोन ओळींच्या मधात जी थोडी मोकळी जागा उरते तिच्यात आवाजाचे तुकडे भरून पाठवलेले असतात. वायर खराब असली की ते आधी चित्रात दिसते, पांढरे ठिपके चमकतात, स्क्रीन मधातच काळी होऊन परत येते. तुझं चित्र स्वच्छ आहे म्हणजे तार सहसा ठीकच असते. माझं दारव्ह्याला दुकान आहे, बरीच वर्षं झाली, आणि "चित्र आहे, आवाज नाही" म्हणून जेवढे लोक आले त्यातल्या एखाद्याच्याच केबलमधी खोट निघाली असेल. बाकी सगळ्यांचा घोळ तू म्हणतो त्या यादीतच होता, नाहीतर यादीच्या आधी किंवा यादीच्या नंतर.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव, मग बाकीचं आपोआप समजते. तुझ्या कॉम्प्युटरमधी आवाज काढणारे दोन वेगवेगळे कारखाने आहेत. एक मदरबोर्डवरची आवाजाची चिप, बहुतेक ठिकाणी रिअलटेकची, तिचा माल सीपीयूच्या मागच्या हिरव्या भोकातून आणि पुढच्या हेडफोनच्या भोकातून बाहेर येते. दुसरा कारखाना ग्राफिक्सच्या चिपमधी, म्हणजे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया जे काही असेल त्यात, आणि त्याचा माल फक्त एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टमधून जाते. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. रिअलटेकचा आवाज कितीही वाढवला तरी तो एचडीएमआयमधी शिरत नाही, जसं मोटरचं पाणी तुरीच्या वावरात सोडलं तर ते कपाशीच्या वावरात आपोआप जात नाही, नाका बदलावा लागते. विंडोजमधला हा नाका म्हणजे ती यादी.

यादीतलं नाव वाचायची पद्धत अशी. नावाचा पुढचा भाग म्हणजे आवाज कुठं पोचणार आणि कंसातला भाग म्हणजे कोणत्या चिपनं तो पाठवला. तुझ्याकडं बहुतेक असं काही दिसत असेल: `Speakers (Realtek(R) Audio)`, `Realtek Digital Output (Realtek(R) Audio)` आणि तिसरं म्हणजे मॉनिटरचा मॉडेल नंबर आणि कंसात `Intel(R) Display Audio`. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर कंसात `AMD High Definition Audio Device`, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर `NVIDIA High Definition Audio`. तुला पाहिजे ते नाव म्हणजे ज्याच्या पुढच्या भागात मॉनिटरचा नंबर आणि कंसात ग्राफिक्सवाल्याचं नाव, बस. मॉनिटरमधले स्पीकर असो की मॉनिटरच्या मागचं हेडफोनचं भोक असो, दोन्हीसाठी हेच एक नाव आहे. भोकासाठी वेगळं नाव कधीच येत नाही, हे लक्षात ठेव, खाली परत लागेल.

त्या मधल्या `Digital Output` नावानं लय लोक फसतात. एचडीएमआय डिजिटल असते एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असते, म्हणून यादीत डिजिटल शब्द दिसला की खुशीत तेच निवडतात. ते एचडीएमआय नाही बाप्पा. ते रिअलटेकचं जुनं डिजिटल आउटपुट आहे, होम थिएटरच्या अँप्लिफायरला गोल नाहीतर चौकोनी भोकातून जोडायचं, आणि आपल्या इकडं ज्या जुन्या ऑफिसच्या मशिनी येतात त्यातल्या बहुतेकांना ते भोक बाहेर काढलेलंच नसते. म्हणजे विंडोज आवाज पाठवून राहिला पण तो आवाज जाऊन राहिला भिंतीत. त्यात वाईट असं की विंडोजला काहीच चूक दिसत नाही, कुठं लाल फुली नाही, काही नाही, माणूस आपला तासभर व्हॉल्युम वरखाली करत बसते.

निवडायचं कसं ते तर सोपं आहे. विंडोज १० मधी खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक कर, वर जे नाव आलं त्याच्या बाजूच्या बाणावर क्लिक कर, यादी उघडते. विंडोज ११ मधी त्याच ठिकाणी आवाजाच्या पट्टीच्या बाजूचा छोटा बाण. पण मला स्वतःला ती छोटी यादी आवडत नाही, ती जे चालू आहे तेवढंच दाखवते आणि आवाज खरंच जाऊन राहिला की नाही ते सांगत नाही. मी नेहमी जुनी खिडकी उघडतो, ती १० मधी पण आहे आणि ११ मधी पण. विंडोजचं बटण आणि आर सोबत दाब, आणि हे टाईप करून एंटर मार:

```
mmsys.cpl
```

`Playback` नावाचा टॅब उघडेल, त्यात सगळी आउटपुटं एकाखाली एक. रिकाम्या जागेत राईट क्लिक करून `Show Disabled Devices` आणि `Show Disconnected Devices` या दोन्हीवर टिक कर, म्हणजे बंद केलेलं आणि तुटलेलं सगळं दिसते. आता मॉनिटरच्या नावावर एकदा क्लिक कर, खाली `Set Default` दाब. त्याच्यावर हिरवी टिक आली की ते आपलं मुख्य आउटपुट झालं. मग त्याच नावावर राईट क्लिक करून `Test`. डावीकडून टुण, उजवीकडून टुण असा आवाज यायला पाहिजे.

या खिडकीतला खरा कामाचा माल म्हणजे प्रत्येक नावाच्या उजवीकडं असलेली उभी पट्टी. आवाज जाऊन राहिला असला की ती हिरवी होऊन वरखाली नाचते. एखादं गाणं लावून ठेव आणि ती पट्टी पाहा. मॉनिटरच्या नावासमोरची पट्टी नाचून राहिली आणि तरी कानाला काही नाही, तर कॉम्प्युटरचं काम झालं, आता दोष मॉनिटरकडं पाहायचा. मॉनिटरची पट्टी मेलेली आहे आणि रिअलटेकची नाचून राहिली, तर नाका अजून तिकडंच आहे. दोन्ही मेलेल्या आहेत तर गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रामनंच तोंड बंद केलं असेल. आणि मॉनिटरचं नाव यादीतच नसेल, तर भानगड यादीच्या आधीची आहे. या चारपैकी तुझं कोणतं ते एका मिनिटात समजते आणि मग उगाच वायर, स्पीकर, मॉनिटर बदलत फिरावं लागत नाही.

आता एक किस्सा सांगतो, कारण त्यात हे सगळे प्रकार एकाच मशीनवर एकामागं एक निघाले. आमच्याच तालुक्यातल्या एका गावचे रिटायर झालेले गुरुजी, त्यांना सकाळी भजन ऐकायची आणि दुपारी नातवाला व्हिडिओवर गणित दाखवायची हौस. शहरातून ऑफिसमधून निघालेला जुना सीपीयू आणला, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, आणि नवा मॉनिटर, स्पीकरवाला. मला फोन केला, "अरे पोरा, टीव्ही बोलत नाही, नुसताच हात हलवते." मी फोनवर विचारलं एचडीएमआयच लावली ना, ते म्हणाले होय होय, एचडीएमआयच आहे, जाड वायर आहे. मग यादी वाचायला लावली तर त्यात रिअलटेकची दोन नावं आणि तिसरं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. मॉनिटरच्या टोकाला एचडीएमआय होतीच, खोटं नव्हतं. पण सीपीयूच्या टोकाला पाहतो तर निळं व्हीजीए, आणि मधात एक छोटा डबा, व्हीजीए टू एचडीएमआय कन्व्हर्टर. त्या काळच्या बऱ्याच ऑफिसच्या मशिनींना एचडीएमआय नसतेच, एक व्हीजीए आणि एक-दोन डिस्प्लेपोर्ट असतात, आणि ज्यानं जोडून दिलं त्याच्याजवळ जे होतं ते लावून तो मोकळा झाला. आता व्हीजीएमधून फक्त चित्र जाते, आवाज कधीच नाही. अशा कन्व्हर्टरच्या अंगावर बहुतेक वेळा एक छोटं ऑडिओचं भोक असते, त्यात सीपीयूच्या हिरव्या भोकातून एक वायर आणून लावली तर तो डबा तो आवाज एचडीएमआयमधी मिसळून देते. हा रस्ता चालते, पण तेव्हा यादीत निवडायचं असते रिअलटेकचं `Speakers`, मॉनिटरचं नाव शोधत बसलं तर जन्मभर दिसणार नाही. म्हणून तुलाही आधी हेच सांगतो: सीपीयूच्या मागं वाकून पाहा, वायरचं ते टोक खरंच एचडीएमआयमधी आहे का. मॉनिटरकडचं टोक पाहून ठरवू नको. आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड टाकलेलं असेल तर वायर कार्डाच्या भोकात आहे की मदरबोर्डच्या, ते पण पाहा, ज्या चिपच्या भोकात वायर त्याच चिपचं नाव कंसात येते.

गुरुजींकडं मी कन्व्हर्टर काढला आणि डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयचा अडॅप्टर लावला, साधासा, वेगळी पॉवर न लागणारा. डिस्प्लेपोर्टमधून आवाज जाते, आणि त्या मशीनच्या पोर्टला एचडीएमआयचा सिग्नल द्यायला पण येते, म्हणून साधा अडॅप्टर पुरते. फक्त तो एकाच दिशेनं चालते, कॉम्प्युटरकडं डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडं एचडीएमआय, उलटा लावला तर चित्रही येत नाही. चित्र आलं. यादी उघडली तर मॉनिटरचं नाव अजूनही नाही. गुरुजी माझ्याकडं पाहून राहिले, मी गुरुजींकडं.

इथं दुसरी गोम. जोडल्याबरोबर मॉनिटर कॉम्प्युटरला आपली माहिती पाठवते, लग्नाचा बायोडाटा असते तसं समज: माझं नाव हे, मला एवढं रिझोल्युशन झेपते, आणि मी आवाज घेतो किंवा घेत नाही. याला ईडीआयडी म्हणतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर हा बायोडाटा वाचतो, आवाज घेतो असं लिहिलेलं असलं तरच यादीत मॉनिटरचं नाव टाकतो. पण ड्रायव्हरच नसला तर वाचणार कोण? मी हे उघडलं:

```
devmgmt.msc
```

`Display adapters` खाली पाहिलं तर `Microsoft Basic Display Adapter`. कोणीतरी विंडोज नवीन टाकलं आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकलाच नाही, गावात नेट नव्हतं म्हणून विंडोजनं स्वतःही उतरवला नाही. या कामचलाऊ ड्रायव्हरनं चित्र येते, पण एचडीएमआयच्या आवाजाची आशा सोडायची. मोबाईलचं हॉटस्पॉट देऊन इंटेलचा ड्रायव्हर उतरवला, मशीन बंद करून चालू केली, आणि `Sound, video and game controllers` खाली `Intel(R) Display Audio` उगवलं. `Playback` मधी मॉनिटरचा नंबर पण आला. तुझ्याकडं नाव दिसत नसेल आणि वायर खरंच एचडीएमआयमधी असेल तर आधी हेच तपास. ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवरून, नाहीतर इंटेल, एएमडी, एनव्हिडियाच्या साईटवरून घे. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर" वाल्या प्रोग्रामच्या नादी लागू नको, त्यांनी बिघडवलेल्या मशिनी माझ्याकडं महिन्याला दोन-तीन तरी येतात. आणि कधीकधी कोणीतरी मॉनिटरचं नाव राईट क्लिक करून बंद करून ठेवलेलं असते, ते वरच्या टिकेमुळं पुसट दिसते, राईट क्लिक करून `Enable` केलं की झालं.

तर नाव आलं, डिफॉल्ट केलं, `Test` दाबलं, हिरवी पट्टी नाचली, आणि घरात शांतता. गुरुजी म्हणाले, "आता?" आता मॉनिटर. मॉनिटरचा स्वतःचा व्हॉल्युम वेगळा असते, विंडोजच्या पट्टीचा त्याच्याशी संबंध नाही. मॉनिटरच्या खाली किंवा मागं जी बटणं असतात त्यांनी मेनू उघडायचा, त्यात ऑडिओ किंवा व्हॉल्युम नावाचं पान असते. गुरुजींच्या मॉनिटरवर व्हॉल्युम शून्य होता, नातवानं बटणं दाबून दाबून केला असेल. तीसवर नेला आणि टुण टुण ऐकू आलं. याच मेनूत आणखी एक गोष्ट असू शकते, आवाज कुठून घ्यायचा: एचडीएमआयमधून की मागच्या ऑडिओ इनच्या भोकातून. ते ऑडिओ इनवर असलं तरी पट्टी नाचते आणि मॉनिटर मुका. एचडीएमआय नाहीतर ऑटो कर. आणि म्यूट आहे का ते पाहा, काही मॉनिटरमधी म्यूट वेगळं आणि व्हॉल्युम वेगळा असते.

माझ्या हिशोबानं मॉनिटरचा व्हॉल्युम साठ-सत्तरवर एकदाच बांधून टाकायचा आणि रोजचं वरखाली विंडोजमधून करायचं. शंभरवर ठेवलं तर हेडफोनमधी बारीक सूं ऐकू येते आणि स्पीकर फाटल्यासारखे बोलतात.

आता तुझं भोक. मॉनिटरच्या मागचं भोक नेमकं कशाचं आहे ते वाचून घे, टॉर्च लावून. हेडफोनचं चित्र असेल किंवा हेडफोन आउट, ऑडिओ आउट असं लिहिलं असेल तर त्यातून आवाज बाहेर येते. पण काही मॉनिटरला ऑडिओ इन असते, हुबेहूब तसंच साडेतीन मिलिमीटरचं भोक, ते आवाज आत घ्यायला असते, व्हीजीएनं जोडणाऱ्यांसाठी. त्यात इअरफोन लावून पाहशील तर काय येणार, काही नाही. आउट असेल तर मात्र यादीत तेच मॉनिटरचं नाव निवडायचं, कारण मॉनिटर एचडीएमआयमधून आलेला डिजिटल आवाज स्वतः साधा करून त्या भोकातून देते. कॉम्प्युटरला माहीतही नसते की तू तिथं काही लावलं. पुढच्या रिअलटेकच्या भोकात हेडफोन लावला की काही मशीनवर "काय लावलं?" अशी खिडकी येते, तशी इथं येणार नाही, यादीत नवीन नावही येणार नाही. लोक त्याचीच वाट पाहत बसतात. बहुतेक मॉनिटरमधी पिन पूर्ण आत गेली की स्पीकर बंद होऊन आवाज भोकात जाते, म्हणून पिन टक आवाज येईपर्यंत दाब, अर्धवट राहिली तर ना इकडं ना तिकडं, नाहीतर एकाच कानात.

माईकवाल्या इअरफोनबद्दल पण सांगून ठेवतो, कारण ग्रामपंचायतीच्या ऑनलाईन मिटिंगवाले यात हमखास अडकतात. मोबाईलचा माईकवाला इअरफोन मॉनिटरच्या भोकात लावला तर ऐकायला येईल पण माईक चालणार नाही, कारण ते भोक फक्त बाहेर आवाज देते, आत घेत नाही. माईक सीपीयूत वेगळा लावावा लागते, नाहीतर वेबकॅमचा वापर, नाहीतर सरळ यूएसबीचा हेडसेट घे, तो यादीत स्वतःच्या वेगळ्या नावानं येते. मिटिंगच्या प्रोग्राममधी स्पीकर आणि माईकची निवड वेगळी असते ती पण पाहा. तसंच व्हीएलसीमधी `Audio` मेनूत `Audio Device` आहे. कधी तिथं जुनं आउटपुट पकडून ठेवलेलं असते, मग विंडोजमधी तू काहीही निवड, व्हीएलसी आपल्याच तालात रिअलटेकवर वाजवत राहते. पट्टी पाहिली की हे लगेच पकडल्या जाते.

एक फसवा प्रकार उलट्या बाजूचा. नाव यादीत आहे, पट्टी नाचते, मेनूत व्हॉल्युमचं पानच सापडत नाही. अशा वेळी मॉनिटरला स्पीकर आहेच नाही अशी शक्यता असते. काही स्वस्त मॉनिटर बायोडाट्यात आवाज घेतो म्हणून लिहितात पण आत स्पीकर नसते, फक्त भोक असते, एखाद्याला तर भोकही नसते. तुझ्या बॉक्सवर स्पीकर लिहिलं म्हणतो तर असेलच, पण एकदा मॉडेल नंबरवरून नेटवर पाहून घे. बॉक्सवर तेच मॉडेल आहे का ते मॉनिटरच्या मागच्या स्टिकरशी ताडून पाहा.

सगळं सुरू झाल्यावर दोन सवयी त्रास देतील, त्यात बिघाड समजू नको. पहिली, गाण्याचा पहिला शब्द किंवा मेसेजची टिंग अर्धी कापल्या जाते. आवाज थोडा वेळ बंद राहिला की एचडीएमआयची आवाजाची लाईन झोपते आणि मॉनिटरला परत जागं व्हायला अर्धा-एक सेकंद लागते. दुसरी, स्क्रीन झोपली किंवा तू बटणानं मॉनिटर बंद केला की बऱ्याच मॉनिटरमधी आवाज पण जाते, आणि यादीतून नावच गायब होऊन विंडोज रिअलटेकवर उडी मारते. मॉनिटर चालू केला की विंडोज सहसा परत येते, पण चालू असलेलं गाणं कधीकधी जुन्याच ठिकाणी अडकून राहते, तो प्रोग्राम बंद करून उघडावा लागते. आपल्याकडं लाईट गेली-आली की हे जास्त होते, सीपीयू इन्व्हर्टरवर आणि मॉनिटर साध्या बोर्डवर असला तर हमखास. दोघं एकाच बोर्डवर घे, किंवा लाईट आल्यावर आधी मॉनिटर चालू करून मग सीपीयूचं बटण दाब.

खरं सांगू तर तुझ्यासारख्या डेस्कटॉपवाल्याला बाहेरचे स्पीकर लावायचे असतील तर ते मॉनिटरच्या भोकात न लावता सीपीयूच्या मागच्या हिरव्या भोकातच लाव आणि यादीत रिअलटेकचं `Speakers` निवड. स्क्रीन बंद करून रात्रभर भजन लावलं तरी चालते, पहिला शब्द कापत नाही. मॉनिटरचे स्पीकर म्हणजे बहुतेक दोन-दोन वॅटचे, एप्रिल-मे मधी कूलर चालू असला की त्यांचं काही ऐकू येत नाही, कूलरच कीर्तन करते. मॉनिटरचं भोक कामाचं कोणाला, तर लॅपटॉपवाल्याला, कारण एकच एचडीएमआय लावली की चित्र आणि आवाज दोन्ही टेबलवर येतात, किंवा ज्याचा सीपीयू टेबलाखाली लांब आहे आणि हेडफोनची वायर पुरत नाही त्याला. बाहेरच्या स्पीकरमधी घुंssss असा एकसारखा आवाज आला तर सीपीयू, मॉनिटर आणि स्पीकर एकाच बोर्डवर घेऊन पाहा. गावात अर्थिंग नावालाच असते, वेगवेगळ्या बोर्डवर लावलं की ते घुं येतेच.

गुरुजींकडं शेवटी मी एकच काम जास्तीचं केलं. `Playback` मधी मॉनिटरच्या नावावर डबल क्लिक केलं, `General` टॅबमधी वर नावाचा डबा असते, त्यात नंबर खोडून मराठीत "मॉनिटर" टाईप केलं, रिअलटेकच्या `Speakers` ला "हिरवं भोक" नाव दिलं, आणि ते `Digital Output` राईट क्लिक करून `Disable` केलं, लागलं तर कधीही परत चालू करता येते. आता यादीत दोनच नावं राहिली. नंतर एकदा त्यांचा फोन आला की आवाज गेला, मी म्हटलं यादीत कशावर टिक आहे, तर म्हणे, "हिरव्या भोकावर आहे रे, थांब, मीच बदलतो," आणि फोन ठेवून दिला.

तू आधी सीपीयूकडचं टोक पाहा, मग पट्टी पाहा. तरी नाही जमलं तर त्या `Playback` खिडकीचा, सीपीयूच्या मागच्या भोकांचा आणि मॉनिटरच्या मागच्या भोकाचा असे तीन फोटो टाक, गाणं चालू ठेवून काढ म्हणजे पट्टी दिसेल.